उंची एकच, कपडे मात्र वेगळे

तयार कपड्यांच्या काही चिठ्ठ्यांवर मापाच्या आकड्याबरोबर 'पेटीट' किंवा 'टॉल' असा शब्द असतो. पेटीट म्हणजे बारीक बाईसाठी आणि टॉल म्हणजे धिप्पाड बाईसाठी, असा अनेकांचा समज असतो. तो चूक आहे. या दोन्ही शब्दांचा घेराशी संबंध नाही, ते फक्त उभ्या मापांविषयी सांगतात. १४ नंबरचा पेटीट कुर्ता आणि १४ नंबरचा साधा कुर्ता यांचा छातीचा घेर जवळपास सारखाच असतो. फरक असतो खांद्यापासून कंबरेपर्यंतच्या अंतरात, बाहीत आणि एकूण लांबीत.

असे वेगळे प्रकार का करावे लागले? १९३९-४० मध्ये अमेरिकेत सुमारे १५ हजार स्त्रियांच्या शरीराची मापे घेण्यात आली. रूथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन यांनी तो अहवाल १९४१ मध्ये प्रसिद्ध केला. उंची आणि घेर यांचा परस्परसंबंध फारसा घट्ट नसतो, हे अशा मापांवरून दिसते. बुटकी व्यक्ती रुंद असू शकते, उंच व्यक्ती सडपातळ. मग एकाच आकड्याने दोन्ही गोष्टी कशा सांगणार? म्हणून अमेरिकेच्या १९५८ च्या प्रमाणमापांत घेराच्या आकड्याला उंचीचे अक्षर जोडले गेले: उंच, मध्यम आणि बुटकी.

आज ब्रिटनमधील दुकाने साधारणपणे १६० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीला पेटीट म्हणतात. अमेरिकेत ही सीमा १६३ सेंटिमीटरच्या आसपास असते. टॉल प्रकार सुमारे १७३ ते १७५ सेंटिमीटरपासून सुरू होतो. पण उंची ही फक्त पहिली चाळणी आहे. उंचीत पायांचा वाटा किती आणि धडाचा किती, हे तिच्यावरून कळत नाही.

आमच्या ओळखीच्या दोन शिक्षिकांची मापे पाहा. दोघींची उंची १६० सेंटिमीटर, म्हणजे अगदी सीमेवर. स्टुलावर ताठ बसवून बैठकीपासून डोक्यापर्यंतची उंची मोजली, तर पहिलीची ८५ आणि दुसरीची ८० सेंटिमीटर भरली. म्हणजे उरलेला पायांचा भाग अनुक्रमे ७५ आणि ८० सेंटिमीटर झाला. बसलेली उंची एकूण उंचीच्या साधारण ५२ टक्के असते. पहिलीची ५३ टक्के आहे, दुसरीची ५०.

बसलेल्या उंचीत डोके आणि मानही येतात, म्हणून कपड्यासाठी आणखी दोन मापे हवीत. मान पुढे झुकवली की मागे एक हाड वर येते. तिथून कंबरेला बांधलेल्या दोरीपर्यंत पाठ मोजावी. पहिलीचे हे माप ४०.५ आले, दुसरीचे ३८. मग भिंतीला टेकून उभे राहावे, दोन पायांमध्ये एक पुस्तक वर घट्ट धरावे आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजावे. ही पायाची आतली लांबी पहिलीची ७२ आली, दुसरीची ७७. घोट्यापर्यंत थांबणाऱ्या पँटसाठी त्यातून काही सेंटिमीटर वजा करावे लागतात.

निष्कर्ष असा, की पहिलीला वरचा कपडा साधा आणि पँट पेटीट लागेल. दुसरीचे नेमके उलट: वरचा कपडा पेटीट, पँट साधी. एकसंध पोशाख घ्यायचा असेल तर पाठीचे माप आधी पाहावे, कारण खालची किनार दुमडता येते, पण कंबर सहजासहजी हलवता येत नाही.

'लांब पँट घेऊन खालून कापली की झाले,' असे कोणी म्हणेल. सरळ पायाच्या पँटला ते चालते. पण गुडघ्याशी अरुंद होऊन खाली पसरणाऱ्या पँटची अरुंद जागा मग पोटरीवर येते. शिवाय कंबरेपासून दोन पायांच्या सांध्यापर्यंतचा भाग लांबच राहतो आणि कापड तिथे लोंबते.

चुकीचा प्रकार घातला आहे हे ओळखायचे कसे? पाठीवर कंबरेच्या वर आडवी घडी पडत असेल, तर कपडा धडाला लांब आहे. पेटीट घालून पाहावा. कंबरेची शिवण बरगड्यांवर चढत असेल किंवा हात उचलताच बाही मनगटावरून बरीच मागे जात असेल, तर टॉल पाहावा. खांद्याची शिवण दंडावर उतरत असेल, तर मात्र आधी घेराचा नंबर तपासावा.

प्रत्येक कंपनीची मापे थोडी निराळी असतात, त्यामुळे चिठ्ठीवरचा शब्द पुरेसा नाही. तिच्या तक्त्यातील आतल्या पायाची लांबी आपल्या मापाशी ताडून पाहावी. शिंपी अंगावर टेप धरून हेच काम करतो. तयार कपड्यात ते आपल्याला करावे लागते, एवढाच फरक.