पहिल्या पाळीत तोंडातून निघणारं पहिलं वाक्य

सकाळी ६:४५
चाकणच्या एका मशीन शॉपमध्ये मी पहिल्या पाळीचा सुपरवायझर आहे. पाळी सातला सुरू होते, पण ताबा पावणेसातलाच घ्यावा लागतो. तीन नंबरच्या मशीनखालचा चिप्सचा ट्रे आज पुन्हा भरून वाहतोय. रात्रपाळीचे सुपरवायझर हेल्मेट हातात घेऊन निघालेत, त्यांचे डोळे तांबारलेत आणि शेजारी दोन ऑपरेटर उभे आहेत. माझ्या तोंडून निघतं, "राहू दे, बघू नंतर."

हा माझा पिंड आहे. वाद दिसला की मी आधी टाळतो. यात भित्रेपणा असेलच असं नाही. रात्रभर जागलेल्या माणसाशी, त्याच्याच माणसांसमोर, ट्रेवरून वाद घालून काही हाती लागत नाही. पण "नंतर" म्हणजे नक्की कधी, हे त्याच वेळी ठरवलं नाही तर ते टाळणं म्हणजे नुसतं विसरणं होतं. म्हणून मी वहीत लिहितो: ट्रे, या आठवड्यात तिसऱ्यांदा, आज दुपारी फोन.

सकाळी ८:१०
नव्या ऑपरेटरने सीएनसी मशीनच्या दाराच्या इंटरलॉकला डमी चावी लावली आहे. दार उघडं ठेवून चालू मशीनमधल्या चिप्स हुकने ओढता याव्यात म्हणून. सायकलमागे काही सेकंद वाचतात, हा त्याचा हिशेब. मी मशीन बंद करतो, चावी काढून खिशात ठेवतो आणि म्हणतो, "दादा, हे चालणार नाही. कारण नंतर सांगतो, आधी बंद."

इथे चर्चा नाही, मधला मार्गही नाही. फिरत्या चकमध्ये हातमोजा अडकला तर मशीन विचारायला थांबत नाही. माणसाच्या अंगावर बेतणारी गोष्ट असेल आणि वेळ नसेल, तर आपलं म्हणणं रेटणं हीच योग्य पद्धत. टाळणाऱ्या माणसाला हे शिकावं लागतं. मी वाक्य आधीच ठरवून ठेवलं आहे, म्हणजे ऐनवेळी "बघू" निघत नाही.

सकाळी ९:३०, चहा
कंपनीतल्या एका प्रशिक्षणात आम्हाला थॉमस आणि किलमन या दोन अमेरिकी अभ्यासकांची प्रश्नावली भरायला दिली होती. ती १९७४ ची. त्यात विधानांच्या ३० जोड्या आहेत आणि प्रत्येक जोडीतलं एक निवडावंच लागतं. मोजायचं असतं ते दोन गोष्टींत: स्वतःचं म्हणणं तुम्ही किती लावून धरता आणि समोरच्याची गरज किती सांभाळता. दोन्ही कमी म्हणजे टाळणं. पहिलं जास्त, दुसरं कमी म्हणजे रेटणं. याच्या उलट म्हणजे मान तुकवणं. दोन्ही मध्यम म्हणजे तडजोड. दोन्ही जास्त म्हणजे एकत्र बसून मुळापासून सोडवणं. ही पाचवी रीत चांगली, पण तिला वेळ लागतो.

प्रश्नावलीपेक्षा मला एक सोपी खूण उपयोगी पडली. दबाव आला की तोंडातून पहिलं वाक्य कोणतं निघतं ते ऐकायचं. "बघू नंतर," "मी सांगतो तसंच," "बरं, तुमचं खरं," की "निम्मं-निम्मं करू." आणि ते वाक्य कोणासमोर निघालं, हेही पाहायचं. पिंड सगळ्या दिशांना सारखा नसतो. ऑपरेटरवर आवाज चढवणारी पुष्कळ माणसं प्लांट हेडसमोर "चालेल साहेब" म्हणतात.

सकाळी १०:३०
दिवसातला खरा पेच इथे येतो. आमच्या एका जॉबला २५ मिलिमीटरचा बोअर आहे. तो २५.००० ते २५.०२१ मध्येच बसायला हवा. तासाच्या तपासणीत नो-गो गेज आत गेला, म्हणजे बोअर मोठा झाला. लहान असता तर पुन्हा कापता आला असता. कापलेलं लोखंड परत लावता येत नाही.

कारण लवकर सापडतं. पावणेदहाला इन्सर्ट बदलला होता. जुना इन्सर्ट झिजत गेला तसा ऑपरेटरने ऑफसेट वाढवत नेला होता, आणि नवा लावल्यावर तो शून्य करायचा राहिला. शेवटची बरोबर नोंद साडेनऊची आहे. तासाला ४० जॉब निघतात, म्हणून साडेनऊनंतरचे ४० संशयित. ते लाल क्रेटमध्ये वेगळे केले.

दोनच्या गाडीत ४०० जॉब जायचे आहेत. डिस्पॅचचे साहेब म्हणतात, "थोडंसंच तर मोठं आहे. निम्मे आज घाला, निम्मे बाजूला ठेवा." ऐकायला समंजस वाटतं. पण मापाची तडजोड होत नाही. ४० ऐवजी २० संशयित जॉब पाठवले म्हणून धोका निम्मा होत नाही, २० जॉबपुरता तो पूर्णच राहतो.

मग तडजोड कशात होईल? संख्येत आणि वेळेत. तपासून पास झालेले ३६० आजच्या गाडीत. उरलेले ४० नव्याने कापून उद्या सकाळच्या गाडीत. ग्राहकाला फोन डिस्पॅच करणार आणि मशीनला एक तास जास्त मी देणार. दोघांचंही थोडं जातं, कोणाचं मोडत नाही. तडजोडीला बसण्याआधी काय विभागता येतं आणि काय येत नाही याची यादी करावी, एवढंच यातून घ्यायचं. मी मापाबद्दल रेटलं आणि गाडीबद्दल तडजोड केली, एकाच बोलण्यात.

दुपारी १२:४५
जेवणानंतर ऑपरेटर सांगतात की टूल ट्रॉली मशीनच्या उजवीकडे हवी. मला ती डावीकडे बरी दिसते, रस्ता मोकळा राहतो. पण दिवसभर हात त्यांचे जातात, माझे नाहीत, आणि उजवीकडे ठेवली तरी पिवळ्या पट्टीच्या आत बसते. "ठेवा तुमच्या सोयीने." विषय मला छोटा आणि त्यांना मोठा असेल, तर मान तुकवणं शहाणपणाचं. हीच सवय इन्सर्टच्या नोंदीबाबत लागली, तर मात्र साडेदहाचा प्रसंग रोज घडेल. प्रत्येक वेळी मान तुकवणाऱ्याची ओळख दुसऱ्यांच्या तक्रारींतून होत नाही. कोणाची तक्रारच नसते, फक्त त्याचं काम रोज उशिरा संपतं.

दुपारी ३:४०
ताबा दिला. आता रात्रपाळीच्या सुपरवायझरांची झोप झाली असेल. फोनवर म्हणतो, "दादा, पाच मिनिटं आहेत का? तीन नंबरचा ट्रे या आठवड्यात तीनदा भरलेला मिळाला." ते आधी गप्प, मग सांगतात की पहाटे मदतनीस एकच असतो आणि तो पाच वाजता पॅकिंगला जातो. भांडणात हे कळलं नसतं. ठरतं असं की मदतनीस साडेचारला ट्रे रिकामा करून मगच पॅकिंगला जाईल. त्याच वहीत आणखी एक नोंद करतो: इन्सर्ट बदलल्यावर ऑफसेट शून्य आणि पहिला जॉब तपासल्याशिवाय पुढचा लावायचा नाही. उद्या क्वालिटीच्या मॅडम आणि दोन ऑपरेटर यांच्यासोबत बसून हे मशीनवर लावायच्या तक्त्यात घालायचं.

तुमच्या कामात गेज नसेल, पण पहिलं वाक्य असेलच. उद्या दिवसभर ते ऐका आणि कोणासमोर निघालं ते लिहून ठेवा. मग प्रत्येक नोंदीपुढे दोन प्रश्न लिहा: इथे कोणाच्या जिवाला किंवा मालाला धोका होता का, आणि ही गोष्ट विभागता येण्याजोगी होती का? ज्या नोंदीत उत्तर एक आणि तुमचं वाक्य दुसरंच, तेवढ्याच ठिकाणी सवय बदलायची. बाकी पिंड आहे तसा राहू द्या.