चाळीस कोटींचा अंदाज आणि ऑडिटरचे चार ओळींचे काम

शेअर बाजारातल्या कंपनीच्या वार्षिक अहवालात ऑडिटरचा अहवाल असतो आणि तो फारसा कुणी वाचत नाही. पण १ एप्रिल २०१८ पासून सुरू झालेल्या आर्थिक वर्षांपासून त्यात ‘की ऑडिट मॅटर्स’ नावाचा भाग आला. यंदाच्या तपासणीत सर्वांत जास्त लक्ष कुठे द्यावे लागले, हे ऑडिटर तिथे सांगतो. नियम एसए ७०१ या मानकात आहेत.

समजा, शेतीपंप बनवणारी एक कंपनी आहे. करपूर्व नफा ५८ कोटी. ऑडिट समितीशी वर्षभर चार गोष्टींवर बोलणे झाले: गोदामातला माल, जुना करविवाद, नवी संगणक प्रणाली आणि विक्रेत्यांना द्यायची सूट. निवड या चर्चेतूनच करायची असते. मालाची किंमत १४० कोटी, म्हणजे आकडा सर्वांत मोठा. पण मोजणी सरळ झाली, म्हणून तो वगळला. करविवाद तीन कोटींचा, प्रणालीची चाचणी विनातक्रार पार पडली. उरली सूट. विक्रेत्याने ठरलेला पल्ला गाठला तरच ती मिळते, आणि ३१ मार्चला कोण गाठणार याचा अंदाजच बांधावा लागतो. अंदाज आहे ४० कोटींचा, आणि तो चार कोटींनी कमी धरला तर नफा तेवढाच फुगतो.

आता शब्द. ‘व्यवस्थापनाच्या गृहीतकांचे मूल्यमापन केले, पुरेसे पुरावे मिळवले’ हे वाक्य पंपाच्या कंपनीला चालते, तसेच साखर कारखान्यालाही. खरा परिच्छेद असा: ‘सूट विक्रीतून वजा होते आणि तिची रक्कम वर्षाअखेरच्या अंदाजावर ठरते, म्हणून ही बाब निवडली. आम्ही निवडक विक्रेत्यांची सूट योजनेच्या परिपत्रकांवरून पुन्हा मोजली, एप्रिल-मेमध्ये निघालेल्या क्रेडिट नोट मार्चच्या तरतुदीशी ताडून पाहिल्या आणि गेल्या वर्षीची तरतूद प्रत्यक्ष दिलेल्या सुटीशी जुळवली.’ कंपनीच्या संबंधित टिपेचा क्रमांकही सोबत हवा.

‘तरतूद योग्य आढळली’ असे लिहिण्याचा मोह आवरावा लागतो, कारण मत संपूर्ण ताळेबंदावर द्यायचे असते, एका बाबीवर वेगळे नाही. योजनेचा तपशील कंपनीने टिपेत दिलाच नसेल, तर ऑडिटर आधी तो घालायला सांगतो. कंपनीची बातमी कंपनीनेच द्यावी. आणि तरतूद खरोखरच कमी असून कंपनी ती वाढवायला तयार नसेल, तर प्रकरण या भागात दडवता येत नाही. फरक मोठा असेल तर मतच सशर्त द्यावे लागते. माझ्या मते सर्वांत जास्त गफलत इथेच होते.

गेल्या वर्षीचा अहवाल शेजारी ठेवून पाहा. परिच्छेदात फक्त साल बदलले असेल, तर वार्षिक सभेत विचारा. कंपनीने सूट दिली नसेल, तर कंपनी कायद्याच्या कलम १४६ नुसार ऑडिटर किंवा त्याचा पात्र प्रतिनिधी तिथे हजर असावाच लागतो.