भवानीच्या आधी मेसेज नको

पुण्यात कर सल्लागाराचं काम करणारे माझे एक स्नेही आहेत. त्यांचे बहुतेक अशील दुकानदार. दर महिन्याच्या 14 तारखेला जीएसटीच्या पोर्टलवर खरेदीचा तपशील दिसतो आणि 20 तारखेपर्यंत रिटर्न भरायचं असतं. मधल्या सहा दिवसांत दुकानदारांकडून हिशेब काढून घ्यायचा. 2025च्या ऑक्टोबरमध्ये 20 तारखेला नरक चतुर्दशी आली, 21ला लक्ष्मीपूजन. म्हणजे दुकानदाराला श्वास घ्यायला फुरसत नाही, नेमकं तेव्हाच हिशेब मागायचा.

स्नेह्यांनी तारखा उलट्या मोजल्या. 18ला धनत्रयोदशी, तो दिवस बाद. 17ला वसुबारस, त्या दिवशी बाजार भरात. उरले 15 आणि 16. मग 15 तारखेला, बुधवारी, साडेअकराच्या सुमारास त्यांनी मेसेज पाठवला. साडेअकराच का? दुकान उघडल्यावर झाडलोट, पूजा, उदबत्ती आणि मग भवानी, म्हणजे दिवसाची पहिली विक्री. ती होण्याआधी पैशांची किंवा देण्याची गोष्ट काढलेली जुन्या दुकानदाराला खपत नाही. संध्याकाळी दिवेलागणीनंतरही पैसे हातावेगळे न करणारे पुष्कळ. तुमचा विश्वास असो वा नसो, त्याचा आहे. मेसेजमध्ये नेमकं काय हवं ते होतं: सप्टेंबरची विक्री, राहिलेली तीन बिलं, उद्या संध्याकाळपर्यंत. नुसतं ‘नमस्कार शेठ’ लिहून उत्तराची वाट बघत बसले नाहीत.

तरी चौघांचा हिशेब आला नाहीच. 17ला दुपारी त्या चौघांना फोन केला आणि 18पासून विषय बंद ठेवला. पुढे सरकारने मुदत 25पर्यंत वाढवली. ती बातमी मात्र त्यांनी ऐन दिवाळीत, रविवारी सकाळी कळवली: ‘मुदत 25पर्यंत वाढली आहे. आता भाऊबीज झाल्यावर पाहू.’ सणाच्या दिवशी कामाचा मेसेज पाठवू नये हा नियम इथे मोडला, आणि बरोबरच मोडला. मेसेज वाचून समोरच्याच्या डोक्यावर ओझं चढतं की उतरतं, एवढंच बघायचं. चौघांपैकी तिघांनी लगेच हात जोडल्याची चित्रं पाठवली.

वरिष्ठांचं गणित वेगळं. रात्री अकरा वाजता साहेबांना ‘सर, उद्या जरा बोलायचं होतं’ असं पाठवणारा माणूस सकाळी बोलणार असतो, पण साहेब रात्रभर ‘राजीनामा देतोय की काय’ म्हणून कूस बदलत राहतात. उशिरा पाठवलेल्या मेसेजपेक्षा अर्धवट मेसेज जास्त छळतो. बाळ तापाने फणफणलंय, उद्या येता येणार नाही, हे रात्री बाराला कळवलं तरी चालतं. कारण, दिवस आणि तुमचं काम कोण बघणार, हे तिन्ही एकाच मेसेजात हवं. उलट दिशेने साहेबांनी रात्री ‘घाई नाही, सवडीने बघा’ लिहिलं, तर त्यातला ‘घाई नाही’ हा भाग हाताखालचा माणूस वाचतच नाही. ईमेल असेल तर जीमेलमध्ये सकाळची वेळ लावून ठेवता येते. ती सोय साहेबांनी आधी शिकावी. रिझर्व्ह बँकेने कर्जवसुली करणाऱ्यांनाही सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर थकबाकीसाठी फोन करायला मनाई केली आहे.

ज्येष्ठांच्या घरी रात्री मोबाइल वाजला की छातीत धस्स होतं. तार येणं म्हणजे वाईट बातमी, अशा काळात ही पिढी वाढली. काकांचा सुप्रभात पहाटे पाचला येतो म्हणून आपणही त्या वेळी उत्तर आणि मागोमाग जमिनीच्या कागदांचा प्रश्न पाठवू नये. गोळी, आंघोळ, पूजा, वर्तमानपत्र हे उरकून काका दहानंतर मोकळे होतात. दुपारी एक ते चार वामकुक्षी. परदेशातल्या भाच्यांना तर घड्याळही दगा देतं: 2024ची भाऊबीज 3 नोव्हेंबरला होती आणि त्याच पहाटे अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे गेली. आदल्या दिवशीचा हिशेब धरून न्यूयॉर्कहून रात्री साडेअकराला ओवाळणीचा व्हिडिओ कॉल लावला, तर पुण्यात नऊऐवजी दहा वाजलेले असतात.

सणाच्या शुभेच्छांची एक यादी करून सगळ्यांना एकदम पाठवायची सवय असेल, तर दिवाळीआधी ती एकदा वाचून काढा. ज्या घरात वर्षभरात कोणी गेलं असेल, तिथे अनेक ठिकाणी सण करत नाहीत. त्या नावापुढे खूण करा. तिथे पणत्यांचं चित्र पाठवू नका. जमलं तर दुपारी चारनंतर जाऊन बसून या, नाहीतर फोन करा.