काल काय काय खाल्लंत?

"मॅडम, मी काही न खाता आलेय. रक्त काढायचं असेल ना?"

आहारतज्ज्ञाकडे पहिल्यांदा येणारे बरेच जण असेच घाबरून, उपाशीपोटी येतात. या काकू चौपन्न वर्षांच्या, राहायला साताऱ्याजवळच्या एका गावात. दोन महिन्यांपूर्वी मधुमेह निघाला. डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि 'एकदा डाएटिशियनला भेटून या' म्हणून चिठ्ठी दिली. पहिल्या भेटीत होतं काय, हे अशा एका उदाहरणावरून नीट समजतं. म्हणून दोघींचं बोलणं इथे जरा सविस्तर देते.

मॅडमनी वजनकाट्याकडे किंवा फायलीकडे न बघता आधी विचारलं, "सकाळची गोळी घेतलीत का?"

"घेतली की. आठ वाजता. गोळी कशी चुकवायची?"

घड्याळात साडेदहा वाजले होते. मॅडमनी गोळ्यांचं पाकीट मागून घेतलं आणि त्यावरची नावं वाचली. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड, दोन औषधं एकाच गोळीत. त्यांनी लगेच बोटाला सुई टोचून ग्लुकोमीटरवर साखर बघितली. ती 78 भरली.

"काकू, आधी हे खा," म्हणत त्यांनी टेबलावरचं केळं पुढे केलं. "माझ्याकडे रक्त काढत नाहीत. लागलीच तर लॅबची चिठ्ठी देते, आणि उपाशी राहायचं असेल तर ते आधी सांगते. ही गोळी पोटात गेली की शरीर जास्त इन्सुलिन सोडतं. वरून अन्न आलं नाही, तर साखर खाली खाली जाते. म्हणून ती नाश्त्याबरोबरच घ्यायची."

नुसतं मेटफॉर्मिन असतं तर त्या एवढ्या सावध झाल्या नसत्या, कारण एकट्या मेटफॉर्मिनने साखर धोकादायक उतरणं फारसं घडत नाही. म्हणून पहिल्या भेटीला जाताना गोळ्यांची रिकामी-भरलेली सगळी पाकिटं पिशवीत टाकावीत. 'पांढरी छोटी गोळी' एवढ्या वर्णनावरून कोणालाच काही कळत नाही.

केळं खाऊन झाल्यावर काकूंनी मनातली खरी भीती सांगितली. "भात बंद करणार ना तुम्ही? शेजारच्या बाईंचा केला. आणि वजन सगळ्यांसमोर करता?"

"वजन आतल्या खोलीत, दार लावून. भाताचं आत्ताच कसं सांगू? तुम्ही किती खाता ते मला अजून माहीतच नाही."

मोजमापाला पाच मिनिटं लागली. उंची 152 सेंटिमीटर, वजन 66 किलो. मग टेपने कंबर मोजली. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये टेप धरून, श्वास सहज सोडल्यावर. ती 94 सेंटिमीटर भरली. भारतीय स्त्रियांसाठी 80 आणि पुरुषांसाठी 90 ही सावध होण्याची रेषा मानतात, कारण आपल्याकडे चरबी पोटाभोवती साठते आणि तीच इन्सुलिनच्या कामात अडथळा आणते. साडीच्या निऱ्यांवरून घेतलेलं माप उपयोगाचं नसतं, त्यामुळे जाताना सैल, सोपे कपडे असलेले बरे.

रिपोर्ट बघताना मॅडम एका आकड्यावर थांबल्या. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी तपासणी 8.1 होती, पण त्याच कागदावर हिमोग्लोबिन 10.2 होतं. "रक्तात लोह कमी असलं तर ही सरासरी खऱ्यापेक्षा थोडी जास्त दिसू शकते," त्या म्हणाल्या. "उपाशीपोटीची 148 आणि जेवणानंतरची 231 आहे, म्हणजे साखर वाढलेली आहे यात शंका नाही. पण या एकाच आकड्यावर मी भरवसा ठेवणार नाही. लोहाचं डॉक्टरांच्या कानावर घालते."

यानंतर सुरू झाला भेटीचा सगळ्यात लांबलेला भाग, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचाही.

"काल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय काय पोटात गेलं, ते सांगा. चांगलं-वाईट मी काही म्हणणार नाही."

"काही विशेष नाही. चहा, पोहे, दुपारी दोन चपात्या, भाजी, वाटीभर भात. रात्री एक भाकरी अन् आमटी-भात."

मॅडमनी ते तसंच लिहून घेतलं. मग पुन्हा पहिल्यापासून, एकेक वेळ धरून विचारत गेल्या. चहा किती वेळा? चार वेळा. साखर? कपाला दोन चमचे. चहाबरोबर काही? दोन टोस्ट, कधी खारी. स्वयंपाक करताना चव बघता? मूठभर शेंगदाणे तोंडात जातात. मुलांच्या ताटात उरलेला भात? "तो टाकवत नाही हो."

मग त्यांनी कपाटातून तीन मापांच्या वाट्या काढल्या. "भाताची वाटी यातली कुठली?" काकूंनी मोठी दाखवली, आणि "जरा दाबून भरते" असंही सांगितलं. त्यांचा वाटीभर भात म्हणजे दोन मध्यम वाट्या होता. मध्यम वाटीभर भातात साधारण दीड चपातीएवढा पिठूळ भाग असतो. म्हणजे दुपारच्या जेवणात दोन चपात्यांवर आणखी तीन चपात्यांची भर पडत होती.

यात लपवाछपवी नसते. आपण जेवण आठवतो, मधलं खाणं आठवत नाही, आणि मापं तर अंदाजानेच सांगतो. कसलेली आहारतज्ज्ञ म्हणूनच एकच दिवस दोन-तीनदा फिरून विचारते. काही जण भेटीच्या आदल्या दिवशी मुद्दाम साधं, कमी खातात. त्याने नुकसान त्यांचंच होतं, कारण पुढचा सगळा सल्ला त्या खोट्या दिवसावर उभा राहतो.

तेलाचा प्रश्न वेगळ्या वाटेने आला. भाजीला किती तेल घालता, असं विचारलं की सगळे 'थोडंसं' म्हणतात. मॅडमनी विचारलं, "महिन्याला घरात किती तेल येतं, आणि खाणारी माणसं किती?" पाच लिटरचा एक डबा, माणसं चार. कागदावर भागाकार झाला. दर माणशी रोज सुमारे 42 मिलिलिटर, म्हणजे चहाचे आठ चमचे. काकू गप्प झाल्या. घरात स्वयंपाक सून करते असं कळल्यावर मॅडम म्हणाल्या, "पुढच्या वेळी तिलाही घेऊन या. डबा तिच्या हातात आहे."

"आठवड्यात उपास?"

"गुरुवार. तेवढा सोडा म्हणू नका, मॅडम."

"नाही म्हणत. गुरुवारचा दिवस कसा जातो, तेवढं सांगा."

सकाळी आठला चहा आणि गोळी. दुपारी एकला साबुदाण्याची खिचडी. रात्री उपास सोडताना जेवण. "पण अलीकडे अकरा-साडेअकराला हातपाय कापतात, घाम येतो, छातीत धडधडतं. उपास आता झेपत नाही, वय झालं."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. कापरं, घाम, धडधड, गोळी घेतल्यावर तीन तासांनी आणि पोटात नुसता चहा. ही साखर उतरल्याची लक्षणं होती, आणि काकूंनी ती वयावर ढकलली होती. मग एकला खिचडी पोटात जाते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, त्यात प्रथिनं नावापुरतीच. त्याने साखर पटकन चढते. एकाच दिवशी सकाळी खोल उतार आणि दुपारी उंच चढ. तीन महिन्यांच्या सरासरीत हे दोन्ही मिसळून जातं आणि कागदावर दिसतच नाही.

"मग मी काय करू?"

"उपास करा, पण सकाळी आठलाच खा. राजगिऱ्याचं थालीपीठ आणि दही, किंवा भगर आणि दाण्याची आमटी. साबुदाणा रोजच्या घासातला नको, आणि खाल्लाच तर छोटी वाटी, बरोबर दही. गुरुवारी गोळी किती घ्यायची, घ्यायची का, हे मात्र मी ठरवत नाही. तुमच्या डॉक्टरांना मी आजच फोन करते. ते सांगतील तसं."

ही मर्यादा लक्षात ठेवावी. आहारतज्ज्ञ औषध बंद करत नाही, बदलत नाही. डॉक्टरांशी न बोलता जो गोळी सोडायला सांगतो, किंवा औषधांची चौकशी न करता छापील तक्ता हातात देतो आणि सोबत पावडरीचा डबा विकतो, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये. भेटीआधी पदवी विचारायलाही संकोचू नये. आपल्याकडे आहारशास्त्राचं शिक्षण आणि रुग्णालयातलं प्रशिक्षण झाल्यावर इंडियन डायटेटिक असोसिएशनची परीक्षा देऊन 'रजिस्टर्ड डाएटिशियन' होता येतं. काही आठवड्यांच्या कोर्सवर 'न्यूट्रिशनिस्ट'ची पाटी लावणाऱ्यांत आणि यांच्यात फार मोठं अंतर आहे.

कापरं सुटलं तर काय करायचं, हे मॅडमनी काकूंकडून पाठ म्हणवून घेतलं. मीटरवर साखर बघायची. 70च्या खाली असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच प्यायची. पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायची. तरीही खालीच असेल तर पुन्हा तेवढंच पाणी. वर आली की काहीतरी खायचं. पेढा किंवा चॉकलेट त्या वेळी नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. हाताशी मीटर नसेल तर वाट न बघता साखरपाणी घ्यायचं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काही घालायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा. हे सुनेलाही सांगून ठेवा, असं त्यांनी दोनदा बजावलं.

सुमारे पन्नास मिनिटांनी जो कागद काकूंच्या हातात आला, त्यावर फक्त तीन ओळी होत्या. चहात साखर कपाला दोनऐवजी एक चमचा. दुपारी चपात्या दोनच, भात मध्यम वाटीने एक, न दाबता, आणि ताटात मूग-मटकीची एक वाटी उसळ जास्तीची. गुरुवारी सकाळी आठला खाणं.

"एवढंच? तक्ता नाही?"

"एवढं तीन आठवडे जमलं, तर पुढचं बोलू. भाकरी, भाजी तुमची चांगलीच आहे, तिला मी हात लावत नाही. उसळ वाढवली कारण तुमच्या वजनाला रोज सुमारे पन्नास ग्रॅम प्रथिनं हवीत, आणि तुमची आमटी पातळ आहे."

"आणि साखर कधी कमी दिसेल?"

"जेवणानंतरची आठ-दहा दिवसांत. आठवड्यातून दोनदा, जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी बघा आणि वहीत लिहा. गुरुवारी अकरा वाजता एकदा जास्तीची. तीन महिन्यांची ती मोठी तपासणी आत्ता पुन्हा करू नका. रक्तातली लाल पेशी साधारण 120 दिवस जगते, जुन्या पेशी जाऊन नव्या येईपर्यंत तो आकडा खरं काही सांगणार नाही."

संध्याकाळी डॉक्टरांचा निरोप आला. गोळीचा डोस तूर्त तोच, पण पोटात नाश्ता गेल्याशिवाय घ्यायची नाही, गुरुवारीसुद्धा. येत्या गुरुवारी अकराची साखर 90च्या खाली आली, तर त्याच दिवशी फोन करायचा.