कल्पनेपासून एका पानापर्यंत : मुलांच्या लघु अॅनिमेशनपटाची पूर्वतयारी

मंडळाच्या बालविभागात या वर्षी मुलांनी आणि दोन हौशी पालकांनी मिळून चार मिनिटांचा अॅनिमेशनपट करायचे ठरवले. विषय लगेच ठरला : उत्तरायण आणि पक्षी. बडोद्यात राहणाऱ्याला यामागचे कारण सांगावे लागत नाही. १४ जानेवारीला सकाळी आणि संध्याकाळी, म्हणजे पक्षी घरट्यातून निघतात आणि परततात त्याच वेळी, आभाळ मांज्याने भरलेले असते. "पतंगामुळे पक्षी जखमी होतात, हे मुलांना सांगायचं," असे सगळ्यांनी म्हटले आणि काम माझ्याकडे आले. का, तर काका बँकेत होते, त्यांना कागद करता येतात.

खरे सांगायचे तर बँकेतला अनुभव इथे उपयोगी पडला. कर्जाचा प्रस्ताव कितीही जाड असो, पहिल्या पानावर तीन प्रश्नांची उत्तरे लागतात : पैसा कशासाठी, माणूस कोण, आणि परतफेड कशी होणार. चित्रपटाच्या पानाचेही तसेच आहे. आशय काय, पहिल्या मिनिटात प्रेक्षक का थांबेल, आणि शेवट काय. ही तीन उत्तरे नसतील तर खाली कितीही लिहिले तरी ती फक्त कल्पनाच राहते.

विषय आणि आशय वेगळे

"पक्षी वाचवा" हा विषय झाला, किंवा फार तर सूचना. सूचनेची गोष्ट होत नाही, कारण तिला कोणी नाही म्हणत नाही. गोष्ट व्हायला दोन चांगल्या वाटणाऱ्या गोष्टींची ओढाताण लागते.

'पायपर' हा पिक्सारचा २०१६ सालचा सहा मिनिटांचा लघुपट अनेक मुलांनी पाहिला असेल. समुद्रकाठच्या एका पिल्लाला लाट अंगावर येते आणि ते पाण्याला घाबरते. पण अन्न तिथेच आहे. भूक आणि भीती यांची ओढाताण म्हणजे तो चित्रपट. पिल्लाला कोणी "धीट हो" म्हणत नाही. वाळूत स्वतःला पुरून घेणारा छोटा खेकडा पाहून ते शिकते. आपल्याकडचे उदाहरण म्हणजे विजया मुळे यांचा फिल्म्स डिव्हिजनसाठी केलेला १९७४ सालचा 'एक अनेक और एकता'. त्यात एकजुटीचा आशय जाळ्यासकट उडणाऱ्या पक्ष्यांतून डोळ्यांना दिसतो.

मग आमच्या पतंगाच्या गोष्टीत ओढाताण कुठे आहे? पतंग उडवणारे मूल दुष्ट नसते. त्याला जिंकायचे असते, आणि वर्षातून एकदाच. उत्तर फिरकीतच होते. पेचात एक तर खेच द्यायची, नाही तर ढील. त्यावरून आशयाचे वाक्य झाले : "जिंकायला घट्ट धरावे लागते, जपायला सैल सोडावे लागते." हे वाक्य चित्रपटात कोणी बोलणार नाही, पण घट्ट आणि सैल या दोन्ही गोष्टी पाच वर्षांच्या मुलालाही दोऱ्यात दिसतात. आशय चित्रात दिसतो का, ही त्याची पहिली परीक्षा.

शेवट आधी

परतफेड पाहिल्याशिवाय कर्ज मंजूर होत नाही, म्हणून मी शेवट आधी लिहायला घेतला. पहिला शेवट असा होता : मुलीच्या मांज्यात पक्षी अडकतो, ती स्वतःचा दोरा कापते, पक्षी आकाशात उडून जातो, आणि पडद्यावर "पक्षी वाचवा" अशी अक्षरे येतात.

त्यात दोन चुका निघाल्या. एक अक्षरांची. शेवटची पाटी हाताने झाकून पाहावी. गोष्ट तरीही पुरी होत असेल तर पाटी नको. होत नसेल तर गोष्टच झालेली नाही, पाटी तिची उणीव झाकते आहे. दुसरी चूक जास्त गंभीर होती. पक्षी वाचवण्याच्या कामाला दर उत्तरायणात जाणाऱ्या आमच्या एका सभासद ताईंनी वाचले आणि म्हणाल्या, "काका, दोरा घेऊन उडालेलं पाखरू पुढच्या झाडावर लटकतं. तुमचा शेवट म्हणजे त्याचा मृत्यू आहे." बघायला गोड, पण खोटा आणि घातक, पाहणारी मुले तसेच करतील. सापडलेला पक्षी हलक्या हाताने कापडात गुंडाळून, भोके पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवायचा आणि जाणकारांना बोलवायचे, हे त्यांनी समजावले.

मग गोष्टीची रचनाच बदलली. आधी कापल्या गेलेल्या कुठल्यातरी पतंगाचा मांजा गच्चीसमोरच्या कडुनिंबावर पडला आहे. त्याच्या एका टोकाला पक्षी अडकून लोंबतो आहे, मधला भाग फांदीवर आहे आणि दुसरे टोक मुलीच्या दोऱ्यात गुंतले आहे. म्हणजे विहिरीवरच्या पोहऱ्यासारखी जोडणी झाली. ती खेच देते तेव्हा पक्षी वर ओढला जातो, ढील देते तेव्हा खाली, गच्चीच्या कठड्याशी येतो. पेचात ढील देतात ती सरसर; इथे तर हळूहळू द्यावी लागणार, आणि संथ दोरा कापला जातोच. पक्षी हाताशी यायला तिला हरावे लागते. आता आशय, घटना आणि शेवट एकाच दोऱ्यावर आले. शिवाय कोणा मुलाला कठड्यावर चढावे लागत नाही, हेही महत्त्वाचे.

पहिली वीस सेकंदे

बहुतेक कच्च्या कल्पनांची सुरुवात "एक सुंदर सकाळ, शहर जागे होत आहे" अशी असते. त्यात बघणाऱ्याच्या मनात प्रश्न उभा राहत नाही, आणि प्रश्न नसेल तर मूल उठून जाते. आमची सुरुवात अशी ठरली : निळा पडदा, त्याला आडवा छेदणारा दोरा, एक पतंग कटून डुलत खाली, आणि मुलीचा आवाज : "कायपो छे!" मग चिकटपट्टी गुंडाळलेली बोटे कठड्यावर खडूने अकरावी रेघ ओढतात. समोरच्या गच्चीवरून एक मोठा काळा पतंग वर चढतो. बारावी रेघ पडेल का, हा प्रश्न वीस सेकंदांत रुजतो. तोच आरोळीचा आवाज शेवटी विरुद्ध बाजूने यावा, म्हणजे सुरुवात आणि शेवट एकमेकांना बांधले जातात.

खर्चाचा अंदाज पानातच

अॅनिमेशनमध्ये प्रत्येक वाढीव पात्राची किंमत हाताने मोजावी लागते. एका सेकंदात २४ चौकटी दिसतात; प्रत्येक चित्र दोन चौकटी ठेवले तरी सेकंदाला १२ चित्रे. चार मिनिटांची २४० सेकंदे, म्हणजे सतत हलणाऱ्या एका पात्राची २८८० चित्रे. म्हणून आजोबा, शेजारची मुले, बाजार, सगळे गळले. एक गच्ची, एक झाड, दोन मुले, एक पक्षी. प्रतिस्पर्धी फक्त पतंग आणि आवाज.

पक्षी आधी पोपट होता, रंग छान म्हणून. मी गोष्ट आठ वर्षांच्या नातीला तोंडी सांगितली. तिने विचारले, "आजोबा, पोपट चोचीनं दोरा का नाही तोडत?" प्रश्न रास्त होता, कबूतर केले. दुसऱ्या दिवशी तिला गोष्ट परत सांगायला लावली. तिने जे गाळले ते मीही गाळले. मूल जे विसरते ते बहुधा गोष्टीला नको असते.

शेवटी तयार झालेले पान

*नाव :* ढील

*कालावधी व वयोगट :* चार मिनिटे. ५ ते १० वर्षे. संवाद नाहीत, फक्त एक आरोळी.

*एका वाक्यात :* बाराव्या विजयापासून एक खेच दूर असलेल्या मुलीला कळते की तिच्या प्रत्येक खेचीने एक पक्षी ओढला जातो आहे.

*आशय :* जिंकायला घट्ट धरावे लागते, जपायला सैल सोडावे लागते.

*सुरुवात :* एक पतंग कटतो. नऊ वर्षांची रेवा ओरडते, कठड्यावर अकरावी रेघ ओढते. पाच वर्षांचा चिनू फिरकी धरून आहे. समोरून काळा पतंग येतो.

*मध्य :* पेच लागतो. रेवा खेच देते. कडुनिंबात फडफड होते. चिनूला कबूतर दिसते, तो तिला खुणावतो, ती मान हलवून नाही म्हणते. पुन्हा खेच, पुन्हा फडफड. या वेळी ती पाहते. काळा पतंग डळमळतो आहे, एक खेच पुरेशी आहे.

*शेवट :* ती हळूहळू ढील देते. कबूतर कठड्याशी उतरते. चिनू फिरकी टाकून त्याला शालीत घेतो. रेवाचा पतंग कटतो, समोरून "कायपो छे!" ऐकू येते. बारावी रेघ पडत नाही. संध्याकाळी, भोके पाडलेल्या खोक्याशेजारी बसून रेवा कडुनिंबावरून हाताशी आलेला मांजा रिकाम्या फिरकीवर गुंडाळत असते.

एवढेच. शाल, खोके आणि फिरकी कोणी समजावून सांगत नाही. मंडळाच्या बैठकीत एका पालकांनी "शेवटी ती जिंकायला हवी" असा आग्रह धरला. मी म्हटले, मग ढील कोण देणार? थोडी चर्चा झाली आणि पान आहे तसे राहिले. आता मुले त्यावरून चित्रांच्या चौकटी काढत आहेत. पहिल्या चौकटीत निळ्या रंगाशिवाय काही नाही, त्यामुळे ती सगळ्यांना जमली.