झोळीचा प्रश्न : उरलेल्या जागेचे मोल

दुर्गम गावी पायी जाणाऱ्या एका वैद्यकीय पथकास १० किलोपर्यंतच भार नेता येतो, अशी कल्पना करावी. पुढ्यात चार बंद पेट्या आहेत. ‘क’ पेटी ६ किलोंची असून तीतील औषध ३० रुग्णांना पुरते. ‘ख’ आणि ‘ग’ प्रत्येकी ५ किलोंच्या असून अनुक्रमे २४ व २३ रुग्णांना पुरतात. ‘घ’ ही ३ किलोंची पेटी ९ रुग्णांना पुरते. पेट्या फोडावयाच्या नाहीत आणि एका पेटीचा उपयोग दुसरीवर अवलंबून नाही. कोणत्या पेट्या न्याव्यात?

प्रथमदर्शनी सुचणारा नियम असा की, दर किलोमागे अधिक रुग्णांना पुरणारी पेटी आधी घ्यावी. ‘क’चे हे प्रमाण ५, ‘ख’चे ४.८, ‘ग’चे ४.६ आणि ‘घ’चे ३ आहे. त्याप्रमाणे ‘क’ घेतली की ४ किलोंची जागा उरते. तीत ‘ख’ वा ‘ग’ मावत नाही, म्हणून ‘घ’ घ्यावी लागते. एकूण ३९ रुग्णांची सोय होते. परंतु ‘ख’ व ‘ग’ मिळून बरोबर १० किलो भरतात आणि ४७ रुग्णांना पुरतात. नियमाच्या आहारी गेल्याने आठ रुग्ण औषधावाचून राहिले असते.

दोष प्रमाणात नसून उरणाऱ्या जागेत आहे. पेट्या फोडता आल्या असत्या, तर हाच नियम निर्दोष ठरला असता : संपूर्ण ‘क’ आणि ‘ख’चे ४ किलो घेऊन ४९.२ ही संख्या येते. अखंड पेट्यांनी तिच्यापलीकडे जाता येणार नाही, म्हणून ती वरची मर्यादा म्हणून उपयोगी पडते. डँट्झिग यांनी १९५७ साली या प्रश्नाचा असाच विचार मांडला.

अचूक उत्तरासाठी ० ते १० किलो या प्रत्येक मर्यादेचे उत्तम मूल्य कोष्टकात नोंदवीत एकेक पेटी विचारात घ्यावी. ‘क’ व ‘ख’ यांचा विचार झाल्यावर १० किलोंपुढे ३० आणि ५ किलोंपुढे २४ अशी नोंद असते. आता ‘ग’ सोडल्यास ३० राहतात. घेतल्यास तिचे २३ आणि उरलेल्या ५ किलोंचे २४ मिळून ४७ होतात. यांतील मोठी संख्या ४७ ही नवी नोंद होय. ‘घ’ घेतल्यास तिचे ९ आणि ७ किलोंपुढील ३० मिळून ३९च भरतात, म्हणून ती वगळली जाते.

या रीतीलाही मर्यादा आहे. कोष्टकाचा विस्तार पेट्यांची संख्या आणि भारमर्यादा यांच्या गुणाकाराएवढा असतो. वजने ग्रॅमपर्यंत काटेकोर धरली की दहाऐवजी दहा हजार रकाने लागतात. मर्यादेत एक अंक वाढला की श्रम दसपट होतात. १९७२ साली कार्प यांनी हा प्रश्न ज्या कठीण वर्गात घातला, त्यातील कोणत्याही प्रश्नासाठी अंकसंख्येच्या मानाने बेताच्या श्रमात सुटणारी रीत अद्याप सापडलेली नाही.