फेणीतील तांबे आणि भर घालून केलेली मोजणी

(नभोवाणीवरील भाषण)



गोव्यात काजूच्या बोंडांचा रस आंबवून जी फेणी गाळतात, ती पारंपरिक भट्टीत तांब्याच्या भांड्यातून गाळली जाते. आंबलेल्या रसातील आम्ले तांब्याला झोंबतात. भांडे काही दिवस पडून राहिले की आतून हिरवट कळंक चढतो, आणि ते नीट न घासता पुन्हा चुलीवर चढवले तर त्या कळंकाचा अंश पेयात उतरतो. तांबे थोडे असेल तर बिघडत नाही; फार असेल तर चव धातूसारखी लागते आणि प्रकृतीलाही ते बरे नव्हे. ब्राझील देशातील उसाच्या रसाची दारूही तांब्याच्या भट्टीत गाळतात. तेथील नियमानुसार एका लिटरात 5 मिलिग्रॅमपेक्षा अधिक तांबे चालत नाही. ही मर्यादा क्षणभर आपण कसोटी म्हणून हाती घेऊ. आता प्रश्न असा की, बाटलीत तांबे किती आहे हे बिनचूक ठरवावे कसे?

ॲलन वॉल्श या शास्त्रज्ञाने 1955 साली ऑस्ट्रेलियातून मांडलेली एक रीत यासाठी वापरतात. द्रावणाचा बारीक फवारा हवा आणि ॲसिटिलीन यांच्या ज्योतीत सोडायचा. ज्योतीच्या उष्णतेने तांब्याचे सुटे अणू होतात. तांब्याच्याच दिव्याचा प्रकाश त्या ज्योतीतून पाठविला म्हणजे हे अणू त्यातील 324.7 नॅनोमीटर लांबीच्या लहरी शोषून घेतात. जितके अणू अधिक, तितके शोषण अधिक. या शोषणाचा आकडा यंत्र दाखवते. त्याला आपण शोषणांक म्हणू. तांबे किती हे माहीत असलेली काही द्रावणे पाण्यात करून त्यांचे शोषणांक आधी पाहावेत, मग फेणीचा पाहावा आणि दोहोंची तुलना करावी, असे कोणालाही सहज सुचेल.

फसगत नेमकी येथेच होते. फेणीत पाण्याबरोबर मद्यार्क असतो. साधारण शंभर भागांत बेचाळीस भाग. मद्यार्कामुळे द्रवाचा पृष्ठताण कमी होतो, फवारा अधिक बारीक उडतो आणि ज्योतीपर्यंत जास्त द्रव पोचतो. साहजिकच तांबे तेवढेच असूनही शोषणांक फुगतो. मोजावयाच्या पदार्थाच्या भोवती जो इतर द्रव्यांचा परिवार असतो, त्याला रसायनशास्त्रज्ञ मॅट्रिक्स म्हणतात. येथे हा परिवारच मापात ढवळाढवळ करीत असतो.

यावरची तोड समजण्यासाठी वाण्याचा स्प्रिंगचा काटा डोळ्यांसमोर आणा. समजा, त्याची स्प्रिंग सैल झाली आहे आणि काटा प्रत्येक वजन सव्वापटीने दाखवतो. पिशवीचे खरे वजन कसे कळणार? पिशवी पारड्यात तशीच राहू द्यावी आणि तिच्यासोबत एक किलोचे खात्रीचे माप टाकावे. काटा सव्वा किलोने पुढे सरकला तर या काट्याचा सव्वा म्हणजे खरा एक, हे उघड झाले. मग पिशवीच्या मूळ आकड्याला सव्वाने भागले की काम झाले. काटा दुरुस्त करावा लागला नाही. त्याची खोडी त्याच्याच तोंडून वदवून घेतली. रसायनशाळेत माहीत असलेल्या प्रमाणाची अशी भर नमुन्यातच घालतात, म्हणून हिला प्रमाण-भर पद्धत म्हणावयास हरकत नाही.

आता एक उदाहरण करून पाहू. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत. पन्नास मिलिलिटरच्या चार मापी कुप्या घ्याव्यात. प्रत्येकीत फेणी बरोबर 25 मिलिलिटर आणि नत्राम्लाचे सारखेच काही थेंब घालावेत. लिटरला 50 मिलिग्रॅम तांबे असलेले प्रमाणित द्रावण पहिल्या कुपीत मुळीच घालू नये. दुसरीत 1, तिसरीत 2 आणि चौथीत 3 मिलिलिटर घालावे. मग चारही कुप्या ऊर्ध्वपातित पाण्याने खुणेपर्यंत भराव्यात. मद्यार्क आणि पाणी मिसळताना द्रव कोमट होतो आणि त्याचे आकारमानही किंचित घटते. म्हणून खुणेच्या थोडे खाली थांबावे, कुपी निवू द्यावी आणि मगच अखेरचे थेंब घालावेत. अशा रीतीने चारही कुप्यांत मद्यार्क सारखाच राहतो; फरक काय तो भर घातलेल्या तांब्याचा. ती भर लिटरला अनुक्रमे 0, 1, 2 आणि 3 मिलिग्रॅम इतकी होते.

समजा, शोषणांक 0.160, 0.240, 0.320 आणि 0.400 असे आले. प्रत्येक मिलिग्रॅमच्या भरीला आकडा 0.080 ने वाढला. भर न घातलेल्या कुपीचा आकडा 0.160 आहे, त्याला 0.080 ने भागले की 2 येतात. आलेखावर हेच बिंदू जोडून रेषा मागे वाढवली, तर ती आडव्या अक्षाला शून्याच्या डावीकडे दोन घरांवर छेदते. म्हणजे कुपीत लिटरला 2 मिलिग्रॅम तांबे होते. फेणी निम्मी पातळ केलेली असल्याने मूळ फेणीत ते 4 मिलिग्रॅम ठरते.

हेच केवळ पाण्यातील द्रावणांशी ताडून पाहिले असते तर? पाण्यात एका मिलिग्रॅमला आकडा 0.060 येतो असे धरू. मग 0.160 चा अर्थ 2.67 झाला असता आणि मूळ फेणीत 5.3 मिलिग्रॅम तांबे ठरले असते. पाचाच्या कसोटीला उतरणारा निर्दोष माल नापास झाला असता, आणि भट्टीवाल्याच्या हंगामाचे कष्ट वाया गेले असते. उलट बाजूही ध्यानात असू द्यावी: साखर घातलेल्या दाट पेयात फवारा मंदावतो, आकडा खाली येतो आणि सदोष माल सहीसलामत सुटतो.

मात्र या पद्धतीचा इलाज एकाच प्रकारच्या दोषावर चालतो. वाण्याच्या काट्याकडे पुन्हा पाहा. पारडे रिकामे असतानाच जर काटा पाव किलो दाखवीत असेल, तर माप टाकून ती चूक कळत नाही. ती प्रत्येक आकड्यात मुकाट्याने बसलेली असते. तसेच नत्राम्लात तांब्याचा अंश असेल, किंवा ज्योतीतील दुसरे काही तोच प्रकाश अडवीत असेल, तर चारही आकडे सारखेच वर चढतात. समजा, प्रत्येक आकडा 0.020 ने वाढला. रेषा सरळच राहील, तिचा चढही तोच राहील. परंतु उत्तर 4 ऐवजी 4.5 येईल आणि संशय घेण्यास जागाही उरणार नाही. यासाठी तितक्याच मद्यार्काचे, तेच आम्ल घातलेले पण तांबे नसलेले कोरे द्रावण वेगळे मोजावे आणि त्याचा आकडा वजा करावा. तांबे 327.4 नॅनोमीटरलाही प्रकाश शोषते. तेथे सर्व मोजणी पुन्हा करून उत्तर जुळते का, हे पाहणे ही दुसरी साक्ष होय.

आणखी एक पथ्य आहे. ही सारी रीत रेषा सरळ असण्यावर उभी आहे. तांबे फार झाले की शोषणांक तितक्या वेगाने वाढत नाही, रेषा वाकते. आणि वाकलेली रेषा सरळ समजून मागे नेली तर ती शून्यापासून दूर जाऊन छेदते व उत्तर फुगते. चौथा बिंदू पहिल्या तिघांच्या रेषेखाली पडला, तर फेणी आणखी पातळ करून पुन्हा आरंभ करावा. भर अगदी थोडी घालणेही बरे नव्हे, कारण मग आकड्यांतील बारीक चढउतारच रेषेचा चढ ठरवू लागतात. नमुन्यात जितके तांबे असावे असा अंदाज असेल, साधारण तितक्यापासून त्याच्या दीडपटीपर्यंत एकूण भर पोचावी, हा आपल्या उदाहरणातील बेत म्हणूनच सोयीचा आहे.

प्रत्येक नमुन्यामागे चार कुप्या खर्ची पडतात, म्हणून शेकडो बाटल्या तपासताना ही रीत जड जाते. तेथे पाण्याऐवजी तितक्याच मद्यार्कात प्रमाणित द्रावणे करून घेतात. परंतु बाटली सीमेच्या अगदी जवळ आली आणि तिच्या घटकांचा भरवसा नसला, म्हणजे या चार कुप्यांकडेच वळावे लागते.